गोळी आणि गोळी घेणारी माणसं

प्रश्न: रोज एक सप्लिमेंट घेणाऱ्यांना हार्ट अटॅक कमी येतात, असा परदेशातला मोठा अभ्यास वाचला. लाखभर माणसं, वय-वजन-सिगारेट सगळं हिशोबात धरलेलं. डॉक्टर मित्र म्हणाला, "हा नुसता सहसंबंध आहे, कारण नाही." मग सिगारेटने कॅन्सर होतो हे तरी कुठे प्रयोग करून सिद्ध केलं होतं? तिथे चालतं आणि इथे चालत नाही, हे कसं? नेमका कोणता पुरावा असला की "यामुळेच" म्हणायचं?

तुमचा मित्र बोलला ते बरोबर आहे, पण अर्धवट आहे. "सहसंबंध म्हणजे कारण नव्हे" एवढं एक वाक्य पुढे करून कुठलाही नकोसा निष्कर्ष उडवून लावता येतो. सिगारेट कंपन्यांनी कित्येक वर्षं तेच केलं. त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. दोन्हीकडे निकष एकच लावायला हवा, आणि तो लावला तरीही सिगारेट आणि तुमची सप्लिमेंट यांचं उत्तर वेगळं येतं. ते का, हे सांगायचा प्रयत्न करतो.

मी औषधांच्या चाचण्यांमधल्या आकडेवारीचं काम करतो. कुठलाही पेपर हातात आला की मी माणसं किती होती हे आधी बघत नाही. पहिला प्रश्न असतो: ही गोळी कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, हे ठरवलं कोणी? घेणाऱ्याने स्वतः ठरवलं, डॉक्टरने ठरवलं, की चिठ्ठी टाकून ठरलं? घेणाऱ्याने ठरवलं असेल तर आपण गोळीची तुलना करतच नसतो. दोन प्रकारच्या माणसांची तुलना करत असतो, आणि त्यातल्या एका प्रकाराच्या हातात गोळी असते. लाख माणसं घेतली काय आणि दहा लाख घेतली काय, हा दोष संख्येने जात नाही. उलट चुकीचा आकडा जास्त ठामपणे हाती येतो.

हे नुसतं तत्त्व म्हणून पटत नाही, म्हणून एक घडलेलं प्रकरण तपशिलात सांगतो. आमच्या क्षेत्रात याहून जास्त शिकवून गेलेलं प्रकरण मला तरी माहीत नाही.

बायकांना पाळी थांबेपर्यंत हार्ट अटॅक पुरुषांच्या मानाने कमी येतात, नंतर प्रमाण वाढत जातं. त्याच सुमारास शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं. मग बाहेरून हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर हृदय वाचेल का, हा विचार साहजिक होता. अमेरिकेत १९७६ साली ३० ते ५५ वयाच्या १,२१,७०० नर्सेसचा एक मोठा अभ्यास सुरू झाला होता. त्यांना दर दोन वर्षांनी प्रश्नावली जायची: काय खाता, कोणती औषधं घेता, कोणते आजार झाले. १९९१ साली त्यातल्या पाळी थांबलेल्या ४८,४७० जणींचा दहा वर्षांपर्यंतचा हिशोब प्रसिद्ध झाला. वय आणि हृदयरोगाचे इतर माहीत असलेले धोके जमेस धरूनही, हार्मोन घेणाऱ्यांमध्ये मोठा हृदयविकार न घेणाऱ्यांच्या ०.५६ पट निघाला. म्हणजे ४४ टक्के कमी.

हा काही कच्चा अभ्यास नव्हता. उत्तरं देणाऱ्या स्वतः नर्सेस, त्यामुळे औषधाचं नाव आणि आजार यांत गफलत कमी. इतर बऱ्याच अभ्यासांचा कौलही त्याच बाजूने होता. शिवाय शरीरशास्त्राचा आधार होता: इस्ट्रोजेनने वाईट समजलं जाणारं एलडीएल कोलेस्टेरॉल उतरतं आणि चांगलं एचडीएल चढतं. याच भरवशावर अमेरिकेत लाखो बायकांना या गोळ्या हृदयासाठी म्हणूनही दिल्या जाऊ लागल्या.

मग चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्यांचे निकाल आले. पहिली मोठी चाचणी १९९८ ची. त्यात आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ बायका होत्या. अर्ध्यांना हार्मोन, अर्ध्यांना हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. सरासरी चार वर्षांनी मोजलं तर हार्ट अटॅक आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून हार्मोनच्या गटात १७२, प्लासिबोच्या गटात १७६. फायदा शून्य. गंमत म्हणजे एलडीएल अपेक्षेप्रमाणे उतरलंही होतं. रसायन बरोबर चाललं होतं, फक्त अटॅक कमी झाले नाहीत.

२००२ साली त्याहून मोठ्या चाचणीचा निकाल आला. ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ बायका, इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिन विरुद्ध प्लासिबो. सरासरी ५.२ वर्षांनी ती वेळेआधीच थांबवावी लागली, कारण स्तनाचा कर्करोग ठरवून ठेवलेली मर्यादा ओलांडून गेला होता आणि एकूण नुकसान फायद्यापेक्षा जास्त दिसत होतं. हृदयविकाराचा आकडा होता दर १०,००० बायकांमागे वर्षाला ३७, प्लासिबोत ३०. पक्षाघात २९ विरुद्ध २१. हाडं मात्र खरंच वाचली: खुब्याची मोडतोड १० विरुद्ध १५. आकडे लहान आहेत हे लक्षात घ्या. दहा हजारांत वर्षाला सात जास्त, म्हणजे गोळी घेणाऱ्या प्रत्येकीने घाबरून जावं असं काही नाही. पण जी गोळी हृदयविकार जवळजवळ निम्म्यावर आणते असं वाटलं होतं, ती तो थोडा वाढवत होती.

एकाच गोळीबद्दल दोन उलट उत्तरं आली. का आली, हे शोधताना जे सापडलं त्यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

पहिली गोष्ट माणसांची. १९८० च्या दशकात स्वतःहून हार्मोन घेणारी अमेरिकन बाई कोण होती? साधारणपणे जास्त शिकलेली, बऱ्या परिस्थितीतली, डॉक्टरकडे नियमित जाणारी, तब्येतीला जपणारी. आणखी एक बारीक गोष्ट आहे. जिची तब्येत आधीच नाजूक, तिला डॉक्टर अशी गोळी द्यायला कचरतात. म्हणजे घेणाऱ्यांच्या गटातून आजारी बायका आधीच गाळल्या जातात. हा फरक आहे की नाही हे तपासायची एक सुरेख युक्ती आहे: ज्या गोष्टीशी गोळीचा काडीमात्र संबंध असू शकत नाही, ती मोजून बघायची. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात तशी मोजणी झाली. तिथे हार्मोन घेणाऱ्या बायका हृदयविकाराने कमी मरत होत्याच, पण अपघात, आत्महत्या आणि खून यांनीही कमी मरत होत्या. इस्ट्रोजेन खुनापासून वाचवत नाही. तेव्हा त्या आकड्यात गोळीशिवाय दुसरं काहीतरी बोलत होतं.

आता तुम्ही म्हणाल, "पण हे सगळं हिशोबात धरलं होतं ना?" लोकांचा सगळ्यात जास्त विश्वास बसतो तो इथे, म्हणून जरा थांबून सांगतो. १९८० साली अमेरिकेतल्या एका चाचणीचे आकडे प्रसिद्ध झाले. एकदा हार्ट अटॅक येऊन गेलेले पुरुष, क्लोफायब्रेट नावाचं कोलेस्टेरॉलचं औषध विरुद्ध प्लासिबो. एकंदर बघितलं तर दोन्ही गटांतले पाच वर्षांतले मृत्यू जवळपास सारखेच, म्हणजे औषध कुचकामी. मग कोणीतरी विचारलं, "ज्यांनी गोळ्या नीट घेतल्या त्यांच्यात तरी फरक पडला का?" ८० टक्के किंवा जास्त गोळ्या घेणाऱ्यांत पाच वर्षांत १५ टक्के दगावले, कमी घेणाऱ्यांत २४.६ टक्के. केवढा फरक! एखाद्या कंपनीने एवढंच छापलं असतं तर औषध तुफान खपलं असतं.

पण हीच मोजणी प्लासिबोच्या गटातही केली गेली. नीट घेणाऱ्यांत १५.१ टक्के, न घेणाऱ्यांत २८.२ टक्के. गोळीत औषध नव्हतंच! तरी ती नियमित घेणारी माणसं जवळजवळ निम्म्याच प्रमाणात मरत होती. मग संशोधकांनी रुग्णांच्या सुरुवातीच्या ४० वैशिष्ट्यांचा हिशोब लावून हा फरक पुसून काढायचा प्रयत्न केला. तो २८.२ विरुद्ध १५.१ वरून २५.८ विरुद्ध १६.४ वर आला. चाळीस गोष्टी धरूनही बहुतेक फरक तसाच राहिला.

नियमित गोळी घेणारा माणूस आणखीही बरंच काही नियमित करत असतो: जेवण, झोप, तपासणी, त्रास वाटला की वेळेत दवाखाना. कदाचित तो मुळातच कमी आजारी असतो आणि म्हणून त्याला गोळी घ्यायला जमतं. यातलं फार थोडं फॉर्मवर उतरतं. प्रश्नावलीत "व्यायाम करता का? हो / नाही" असा रकाना असतो. एक जण संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो, दुसरा पहाटे टेकडी चढतो, दोघेही "हो" वर खूण करतात. हिशोबात "व्यायाम धरला" म्हणजे हा रकाना धरला. त्यामागचं आयुष्य बाहेरच राहतं. सॉफ्टवेअर तुम्ही दिलेलेच रकाने समतोल करतं. न दिलेले त्याला माहीत नसतात, आणि निकालाच्या तक्त्यात त्यांच्यासाठी "इथे काही राहिलं" अशी ओळही येत नाही.

माझ्याकडे एमडीच्या प्रबंधांसाठी येणारे विद्यार्थी बऱ्याचदा हीच तुलना घेऊन येतात: औषध नियमित घेणारे विरुद्ध अनियमित. आकडे नेहमीच छान येतात. मी त्यांना ही प्लासिबोची दोन टक्केवाऱ्यांची जोडी दाखवतो आणि चहा मागवतो.

मात्र हार्मोनच्या गोंधळाचा सगळा दोष माणसांच्या फरकावर टाकता येत नाही. दुसरी गोष्ट घड्याळाची होती, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती हटकून सुटते.

१९९८ च्या चाचणीचे आकडे वर्षवार मांडले तर पहिल्या वर्षी हार्मोनच्या गटात ५७ घटना होत्या, प्लासिबोत ३८. दुसऱ्या वर्षी ४७ आणि ४८. तिसऱ्या वर्षी ३५ आणि ४१. त्यापुढे ३३ आणि ४९. म्हणजे नुकसान सुरुवातीलाच दिसतं. एक कारण असं मानतात की या गोळ्यांनी रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच खराब, त्यांना ते लवकर बाधतं. आता निरीक्षणाच्या अभ्यासात काय होतं ते बघा. प्रश्नावली येते तेव्हा "सध्या हार्मोन घेते" असं लिहिणारी बाई कदाचित तीन वर्षांपासून घेत असते. जिला सुरुवातीच्या महिन्यांत त्रास झाला ती एक तर गोळी सोडून बसली किंवा यादीत यायला उरलीच नाही. म्हणजे घेणाऱ्यांच्या गटात आपण फक्त सुरुवातीच्या धोक्यातून तरून गेलेल्या बायका मोजतो. त्यात प्रश्नावली दोन वर्षांनी एकदा. एखादीने मार्चमध्ये प्रश्नावली भरली, मेमध्ये गोळी सुरू केली आणि ऑगस्टमध्ये तिला अटॅक आला, तर शेवटच्या नोंदीप्रमाणे ती न घेणाऱ्यांत मोडते. गोळीने आणलेला अटॅक गोळी न घेण्याच्या खात्यावर जमा होतो.

२००८ साली मिगेल हर्नान आणि सहकाऱ्यांनी त्याच नर्सेसची तीच माहिती पुन्हा उघडली आणि स्वतःला विचारलं: समजा आपण यातून चाचणीच करत असतो, तर कोणाला घेतलं असतं आणि घड्याळ केव्हा सुरू केलं असतं? मग त्यांनी "सध्या घेणाऱ्या" हा गट बाजूला ठेवला आणि नव्याने गोळी सुरू करणाऱ्या बायकांची तुलना त्याच वेळी सुरू न करणाऱ्यांशी केली. पुढे कोणी सोडली तरी तिला मूळ गटातच ठेवलं. उत्तर बदललं. पहिल्या दोन वर्षांत धोका सुमारे १.४ पट, संपूर्ण काळात सुमारे ०.९६, म्हणजे जवळपास काहीच फरक नाही. ४४ टक्के फायदा गेला कुठे? बायका त्याच होत्या, उत्तरंही तीच. प्रश्न नीट विचारला एवढंच.

हे मला आश्वासक वाटतं, कारण याचा अर्थ निरीक्षणाचे सगळे अभ्यास टाकाऊ नाहीत. पण "घेणारे विरुद्ध न घेणारे" अशी सरधोपट तुलना आणि "आज सुरू करणारे विरुद्ध आज सुरू न करणारे" अशी तुलना, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता चिठ्ठ्या टाकण्याबद्दल, म्हणजे रँडमायझेशनबद्दल. त्याचा मान एवढा मोठा का? चिठ्ठीला त्या बाईबद्दल काहीच माहीत नसतं, म्हणून. ती शिकलेली आहे का, पहाटे टेकडी चढते का, तिच्या वडिलांना अटॅक आला होता का, हे चिठ्ठी बघत नाही. त्यामुळे गट पुरेसे मोठे असले की मोजलेल्या गोष्टी तर दोन्हीकडे सारख्या वाटल्या जातातच, पण न मोजलेल्या आणि कोणाला न सुचलेल्याही वाटल्या जातात. हे दुसरं कुठल्याही हिशोबाने साधत नाही.

अट एकच, चिठ्ठी खरोखर आंधळी हवी. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. तिची आखणी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाची. कोणत्या रुग्णाला काय द्यायचं हे बंद पाकिटात होतं आणि रुग्णाला चाचणीत घेतल्यावरच पाकीट उघडायचं होतं. कारण पुढची चिठ्ठी डॉक्टरला आधी कळली तर आपल्या जास्त आजारी रुग्णासाठी तो नकळत थांबतो किंवा घाई करतो. मनात वाईट काही नसलं तरी तुलना तिथेच मोडते. सहा महिन्यांत औषधाच्या गटात ५५ पैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीच्या गटात ५२ पैकी १४. फक्त १०७ रुग्ण, पण निकालावर विश्वास बसला, कारण गट कसे पडले हे स्पष्ट होतं.

आणि ज्याने गोळी सोडली त्याचं काय? २००२ च्या चाचणीत हार्मोनच्या गटातल्या सुमारे ४२ टक्के बायकांनी मधेच गोळी थांबवली होती. तरी त्या हार्मोनच्या गटातच मोजल्या गेल्या. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटतो. पण त्यांना काढून "ज्यांनी खरंच घेतली" तेवढ्याच ठेवल्या, तर क्लोफायब्रेटवाली चूक मागच्या दाराने परत येते: चिठ्ठीने बनवलेले गट आपण माणसांच्या स्वभावावरून पुन्हा मोडतो. त्यात परिणाम थोडा फिका दिसतो, हे खरं. मी फिका चालवून घेतो, उलटा नाही.

चाचणीचीही मर्यादा आहे, आणि इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून राहतं. २००२ च्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. प्रत्यक्षात बहुतेक बायका पन्नाशीच्या आसपास, पाळी थांबताना गोळी सुरू करतात. नंतर वेगवेगळे गट पाडून पाहिलं तेव्हा पाळी थांबून दहा वर्षं न झालेल्या बायकांत धोका वाढलेला दिसला नाही, वीस वर्षं उलटलेल्यांत दिसला. असं मागाहून गट पाडणं मी हात राखूनच वाचतो. पण मुद्दा उरतोच: "हार्मोनमुळे हृदयविकार होतो का" हा अर्धा प्रश्न आहे. कोणाला, कोणत्या वयात, किती काळ, आणि कशाच्या तुलनेत, हे जोडल्याशिवाय त्याला एक उत्तर नाही. म्हणूनच आज नुकती पाळी थांबलेल्या बाईला अंगातून वाफा येणं असह्य झालं तर डॉक्टर तिचे इतर धोके पाहून हार्मोन देऊ शकतात, पण हृदय वाचावं म्हणून देत नाहीत.

आता तुमची सिगारेट. इथे चिठ्ठ्या टाकणं अशक्य होतं. वीस वर्षं सिगारेट ओढा असं कोणाला सांगणार? आणि इथे सगळ्यात कठोर आक्षेप घेणारा माणूस साधासुधा नव्हता. रँडमायझेशनची कल्पना शेतीच्या प्रयोगांतून रुजवणारे रोनाल्ड फिशर १९५० च्या दशकाच्या शेवटी म्हणत होते की सिगारेटची ओढ आणि कॅन्सरची प्रवृत्ती ही दोन्ही एकाच जनुकीय ठेवणीतून येत असतील. (ते स्वतः पाइप ओढायचे आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते. पण आक्षेप कोणाचा यावरून तो खोटा ठरत नाही. उत्तर द्यावंच लागतं.)

उत्तर १९५९ साली जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी दिलं, आणि ते साध्या भागाकाराचं आहे. सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर न ओढणाऱ्यांच्या नऊ पट दिसतो. समजा सिगारेट निर्दोष आहे आणि सगळा दोष एका लपलेल्या जनुकाचा आहे. तर ते जनुक ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांच्या किमान नऊ पट प्रमाणात सापडायला हवं. न ओढणाऱ्यांत ते १० टक्के लोकांत असेल तर ओढणाऱ्यांत ९० टक्क्यांत हवं. १२ टक्के असेल तर १०८ टक्क्यांत, म्हणजे अशक्य. जनुक कितीही जालीम मानलं तरी ही अट सुटत नाही. असं जनुक कोणी दाखवू शकलं नाही.

हाच भागाकार हार्मोनला लावून बघा. ०.५६ पट म्हणजे उलट्या बाजूने न घेणाऱ्यांत धोका सुमारे १.८ पट. एखादा लपलेला धोका न घेणाऱ्यांत ५० टक्के आणि घेणाऱ्यांत २८ टक्के असला तरी ही किमान अट भागते. शिक्षण, पैसा, निष्काळजीपणा, आधीचा आजार यांत एवढा फरक असणं मुळीच दुर्मीळ नाही. असे चार-दोन फरक एकत्र आले आणि घड्याळाची चूक त्यात पडली की ४४ टक्के सहज भरून निघतात. म्हणजे निकष तोच, एका ठिकाणी पर्यायी कारण टिकतं आणि दुसऱ्या ठिकाणी टिकत नाही.

शिवाय फिशर यांच्या जनुकाला आणखी बरंच काही समजावून द्यावं लागलं असतं. जास्त ओढणाऱ्यांना जास्त कॅन्सर का? विसाव्या शतकात सिगारेट पसरली आणि काही दशकांनी फुप्फुसाचा कॅन्सर भराभर का वाढला? जनुकं तर एवढ्या वेगाने बदलत नाहीत. आणि सोडल्यावर धोका कमी का होतो? रिचर्ड डॉल आणि हिल यांनी १९५१ साली ब्रिटिश डॉक्टरांना पत्रं पाठवून सुरू केलेला अभ्यास पन्नास वर्षं चालला. त्यात साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्याला सुमारे तीन वर्षं, पन्नासाव्याला सहा, चाळिसाव्याला नऊ आणि तिसाव्याला सुमारे दहा वर्षं आयुष्य परत मिळताना दिसलं. इथेही मी विचारतोच: सोडणारे मुळातच जपणारे असतील का? काही असतीलच. पण बरेच जण तब्येत बिघडली म्हणून सोडतात, आणि ते पारडं उलट बाजूला ओढतं. तरीही वयानुसार पायरीपायरीने वाढत जाणारा फायदा दिसतो, आणि त्याचं दुसरं पटेल असं स्पष्टीकरण सापडत नाही.

स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे हिल आणि हे हिल एकच. ज्या माणसाने पाकिटं बंद करून रुग्ण वाटले, त्यानेच चिठ्ठी न टाकता सिगारेटला दोषी ठरवलं. म्हणून मला यात दुटप्पीपणा दिसत नाही.

हिल यांनी १९६५ साली कारण ठरवताना बघायच्या नऊ बाबी मांडल्या. आता त्यांची परीक्षेतल्या गुणपत्रिकेसारखी यादी झाली आहे: सातत्य आहे, यंत्रणा आहे, क्रम बरोबर आहे, झालं सिद्ध. खुद्द हिल यांनी यातली एकही बाब अनिवार्य नाही असं सांगितलं होतं. हार्मोनच्या गोळीला या यादीत चांगले गुण मिळाले असते. यंत्रणा होती. सातत्यही होतं, पण वीस अभ्यासांत एकाच प्रकारच्या बायका स्वतःहून गोळी घेत असतील तर वीसही अभ्यास एकाच बाजूला चुकणार. असं सातत्य मला समाधान देत नाही. वेगवेगळ्या पद्धतींनी, ज्यांच्या चुका वेगवेगळ्या दिशेला जातील अशा अभ्यासांनी एकच उत्तर दिलं, तर देतं.

तुमच्या सप्लिमेंटच्या पेपरकडे याच नजरेने बघा. "मेथड्स" हा भाग उघडा आणि गट कसे पाडले ते वाचा. "सध्या घेणारे" असं लिहिलं असेल तर घड्याळाचा दोष आहे असं धरून चाला. नव्याने सुरू करणारे घेतले असतील तर पुढे वाचण्यात अर्थ आहे. तुलना कोणाशी आहे? काहीच न घेणाऱ्यांशी असेल तर जपणारी विरुद्ध न जपणारी माणसं हा प्रश्न राहतो. दुसरी एखादी तशीच गोळी घेणाऱ्यांशी असेल तर तो बराच कमी होतो, कारण मग दोन्हीकडे गोळी घेणारीच माणसं असतात. ती सप्लिमेंट घेणारे अपघातानेही कमी मरतात का, हे कुठे दिलं असेल तर आधी ते बघा. मग परिणामाचा आकार. धोका १५-२० टक्के कमी, म्हणजे ०.८ किंवा ०.८५ पट, एवढाच आकडा असेल आणि चिठ्ठी टाकलेली चाचणी झाली नसेल, तर मी "माहीत नाही" असं म्हणतो. एवढा फरक शिक्षण आणि पैसा यांतूनही येतो. ३ पट, ५ पट असे आकडे असते तर बोलणं वेगळं झालं असतं.

चाचणी झाली असेल तर गोळी सोडणाऱ्यांना मूळ गटातच मोजलं का, हे पाहा. आणि मोजलं काय? रक्तातली एखादी पातळी की प्रत्यक्ष अटॅक? एलडीएल उतरूनही अटॅक कमी न झाल्याचं वर आलंच आहे.

सप्लिमेंट कोणती हे तुम्ही लिहिलं नाहीत. पेपरचं नाव आणि गट कसे पाडले ती चार-पाच वाक्यं टाकलीत तर त्यावर नेमकं बोलता येईल. आणि ती घरात कोणासाठी आणायचा विचार असेल, तर त्यांची चालू असलेली औषधं तुमच्या डॉक्टर मित्राला आधी दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नक्कीच.